पार्सल उघडताना

विद्यार्थी मित्रांनो, ताथवडे हे पूर्वी एक लहानसे गाव होते. २००९ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. नंतर महामार्गाच्या कडेने मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आज त्या इमारतींच्या फाटकांवर सकाळपासून रात्रीपर्यंत पार्सले येत असतात. कोणाचे कपडे, कोणाची पुस्तके, कोणाची स्वयंपाकघरातील वस्तू. वस्तू मागवणारा दुकानात गेलेला नसतो. त्याने वस्तू हातात घेऊन पाहिलेली नसते. पैसे मात्र बहुतेक वेळा आधीच दिलेले असतात.

मग खोक्यातून भलतीच वस्तू निघाली तर काय करायचे? वस्तू फुटकी किंवा बिघडलेली निघाली तर? या पाठात आपण तेच पाहणार आहोत. त्यासाठी मी तुम्हांला आमच्या शेजारी राहणाऱ्या खालांच्या दोन पार्सलांची हकिकत सांगतो. पहिल्या पार्सलात खालांचे पैसे बुडाले. दुसऱ्या पार्सलाचे पैसे परत मिळाले. कंपनी तीच होती आणि कायदाही तोच होता. फरक फक्त पार्सल उघडण्याच्या रीतीत होता.

पहिले पार्सल इस्त्रीचे होते. खाला कपडे शिवतात, त्यामुळे घरात चांगली इस्त्री हवीच. त्यांनी मोबाइलवरून ८९९ रुपयांची इस्त्री मागवली. पार्सल आले तेव्हा त्या बाहेर गेल्या होत्या. वॉचमनने ते ठेवून घेतले. संध्याकाळी खालांनी घाईघाईने प्लॅस्टिकची पिशवी फाडली, खोके उघडले आणि दोन्ही कचऱ्यात टाकले. दुसऱ्या दिवशी इस्त्री वापरायला घेतली, तेव्हा मुठीला तडा गेलेला दिसला. त्यांनी तड्याचा फोटो काढून कंपनीकडे पाठवला. कंपनीचे उत्तर आले, "वस्तू आमच्याकडून चांगल्या स्थितीत पाठवली होती. मूठ आपल्या हातून फुटली असावी."

खाला माझ्याकडे आल्या. त्या म्हणाल्या, "सर, मी खोटं बोलते का हो? मूठ आधीच फुटलेली होती."

खाला खोटे बोलत नव्हत्या. पण त्यांचा फोटो फक्त एवढेच सांगत होता, की इस्त्रीची मूठ फुटलेली आहे. ती केव्हा फुटली, हे त्या फोटोवरून कळत नव्हते. कंपनीच्या गोदामात, वाटेत, की खालांच्या घरी? पार्सलाची पिशवी नव्हती, तिच्यावरची चिठ्ठी नव्हती, खोकेही नव्हते. ८९९ रुपये गेले ते गेले.

मित्रांनो, येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात मोबाइलवरून किंवा संगणकावरून होणाऱ्या विक्रीसाठी वेगळे नियमही आले. त्या नियमांनुसार वस्तू सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही.

दुकानातून घेतलेल्या वस्तूलाही संरक्षण आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे काही बिलांवर छापलेले असते. सदोष मालाच्या बाबतीत त्या ओळीचा दुकानदाराला उपयोग नाही. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र रंग आवडला नाही किंवा मन बदलले, हा वस्तूचा दोष नव्हे. अशा वेळी विक्रेत्याने जी सवलत दिली असेल तेवढीच मिळते.

म्हणजे हक्क आहे. पण वाद हक्काचा नसतोच. कंपनी कधी म्हणत नाही, की "सदोष वस्तू आम्ही परत घेणार नाही." ती म्हणते, "आम्ही पाठवली ती वस्तू चांगली होती." म्हणून आपल्याला एकच गोष्ट दाखवता आली पाहिजे. जे बंद पार्सल आपल्या दारात आले, त्याच पार्सलातून हीच वस्तू निघाली. पार्सल आणि वस्तू यांची ही साखळी कोठेही तुटता कामा नये.

ही साखळी दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पार्सल उघडतानाचे रेकॉर्डिंग. चित्रफीत नसेल तर तक्रारच करता येत नाही, असे कायद्यात लिहिलेले नाही. फोटो, बिल, खोके, संदेश हेही पुरावेच आहेत. परंतु चित्रफितीइतकी पूर्ण साखळी दुसरा कोणताही पुरावा दाखवत नाही.

हे रेकॉर्डिंग कसे करावे? खालांचा मुलगा आमच्याच शाळेत नववीत आहे. इस्त्रीच्या प्रसंगानंतर मी त्याला शाळेतील पुस्तकांच्या एका पार्सलावर हे करून दाखवले. तुम्हीही लक्ष देऊन वाचा.

प्रथम मोबाइलमध्ये पुरेशी बॅटरी आणि जागा आहे का ते पाहावे. पार्सल उजेडात, मोकळ्या जागी ठेवावे. एकाने मोबाइल धरावा आणि दुसऱ्याने पार्सल उघडावे. रेकॉर्डिंग पार्सल बंद असतानाच सुरू करावे. आधी पार्सलाच्या सहाही बाजू सावकाश दाखवाव्यात. मग वरच्या चिठ्ठीजवळ मोबाइल नेऊन नाव, ऑर्डरचा क्रमांक आणि वाहतुकीचा क्रमांक स्पष्ट वाचता येईल असे थांबावे. चिकटपट्टी कोठे फाटलेली आहे का, एका पट्टीवर दुसरी पट्टी लावलेली आहे का, खोके चेपलेले आहे का, हेही दाखवावे.

त्यानंतर पार्सल कापावे. कापणारे हात आणि पार्सल सतत चित्रात दिसले पाहिजेत. आतले खोके निघाले, की त्यावर छापलेला अनुक्रमांक दाखवावा. मग वस्तू बाहेर काढून तिच्यावरचा अनुक्रमांक दाखवावा. वस्तू विजेवर चालणारी असेल तर ती सुरू करून दाखवावी. सुरू झाली नाही तर तेही दिसू द्यावे. हे सारे एकाच अखंड रेकॉर्डिंगमध्ये झाले पाहिजे. मध्ये कोणी दार वाजवले म्हणून रेकॉर्डिंग थांबवले आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू केले, तर साखळी तेथेच तुटली. त्या दोन मिनिटांत वस्तू बदलली, असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

रेकॉर्डिंग झाल्यावर चार फोटो वेगळे काढावेत. एक चिठ्ठीचा, एक खोक्यावरील क्रमांकाचा, एक वस्तूवरील क्रमांकाचा आणि एक दोषाचा. तक्रारीच्या पानावर अनेकदा मोठी चित्रफीत जोडता येत नाही, फोटो मात्र जोडता येतात. मूळ चित्रफीत मोबाइलमधून काढून टाकू नये. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली चित्रफीत आकाराने लहान होते आणि चिठ्ठीवरची बारीक अक्षरे पुसट दिसू लागतात. म्हणून मूळ प्रत जपावी आणि तिची एक प्रत दुसरीकडेही ठेवावी. खोके, पिशवी आणि चिठ्ठी वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नयेत.

अनुक्रमांकावर मी एवढा भर का देतो? केरळमधील अलुवा येथील एक प्रसंग ऐका. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील एका ग्राहकाने ७०,९०० रुपयांचा मोबाइल मागवला. खोक्यातून निघाली भांडी घासण्याच्या साबणाची वडी आणि पाच रुपयांचे नाणे! पण त्या ग्राहकाने खोके उघडताना रेकॉर्डिंग केले होते. शिवाय खोक्यावर त्या मोबाइलचा आयएमईआय क्रमांक छापलेला होता. प्रत्येक मोबाइलला असा वेगळा क्रमांक असतो. पोलिसांनी त्या क्रमांकावरून शोध घेतला, तेव्हा तो मोबाइल दूर झारखंडमध्ये कोणीतरी वापरत असल्याचे आढळले. ग्राहकाला पैसे परत मिळाले. साबणाची वडी काही बोलू शकत नव्हती, पण खोक्यावरचा क्रमांक बोलला.

आता खालांच्या दुसऱ्या पार्सलाकडे येऊ. शिवणकामाच्या पैशांतून खालांनी मिक्सर मागवला. किंमत ३,४९९ रुपये. जाहिरातीत ७५० वॉटची मोटार आणि तीन भांडी असे लिहिले होते. ५ ऑगस्ट २०२५ रोजी संध्याकाळी पार्सल आले. मुलाने मोबाइल धरला आणि खालांनी पार्सल उघडले. बाहेरचे खोके व्यवस्थित होते. आतल्या खोक्यावरही ७५० वॉट असेच छापलेले होते. भांडीही तीन होती. खाला खूश झाल्या. परंतु मुलाने मिक्सर उलटा केला आणि तळाची लहानशी पाटी वाचली. तिच्यावर ५०० वॉट लिहिलेले होते. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि पाटीवरचा अनुक्रमांकही वेगवेगळे होते. खोके एका मिक्सरचे आणि आत दुसराच मिक्सर!

मुलगा म्हणाला, "अम्मी, आता याला हात लावू नका. एकदाही वापरू नका."

त्याचे म्हणणे बरोबर होते. वापरलेली वस्तू परत घेताना कंपनी हरकत घेते. म्हणून मिक्सर पुन्हा खोक्यात गेला आणि खालांनी पाटा-वरवंटा बाहेर काढला.

पहिली पायरी त्याच संध्याकाळी झाली. मोबाइलवर, जेथून मिक्सर मागवला होता तेथेच, वस्तू परत करण्याची मागणी नोंदवली. मिक्सर परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. तेथे कारण निवडावे लागते. "आवडले नाही", "गरज उरली नाही", "चुकीची वस्तू आली", "वस्तू बिघडलेली आहे" अशी कारणे यादीत असतात. पुष्कळ लोक पहिले दिसेल ते कारण निवडतात आणि येथेच चुकतात. "आवडले नाही" असे लिहिले, की दोष विक्रेत्याचा नाही असे आपणच लिहून दिल्यासारखे होते. मुलाने "चुकीची वस्तू आली" हे कारण निवडले आणि चारही फोटो जोडले.

७ ऑगस्टला वस्तू नेणारा तरुण आला. त्याने आपल्या मोबाइलवर अनुक्रमांक पाहिला, मिक्सरची पाटी पाहिली आणि तो म्हणाला, "काकू, नंबर जुळत नाही. मला हा नेता येणार नाही."

खाला थक्क झाल्या. नंबर जुळत नाही, हीच तर त्यांची तक्रार होती! पण त्या तरुणाचाही दोष नव्हता. त्याला फक्त क्रमांक जुळवून पाहण्याचे काम दिलेले असते. जुळला तर न्यायचे, नाही जुळला तर नाही. चुकीची वस्तू परत करताना ही अडचण नेहमी येते. अशा वेळी भांडण करून उपयोग नसतो. खालांच्या मुलाने तो का नेत नाही ते विचारले आणि तारीख, वेळ व कारण वहीत लिहून ठेवले. थोड्याच वेळात मोबाइलवर संदेश आला, की "तपासणीत वस्तू जुळली नाही, म्हणून मागणी रद्द करण्यात आली आहे."

दुसरी पायरी ग्राहक सेवा केंद्राची. येथे फोनवर बोलणे पुरेसे नाही. बोलणे हवेत विरते. तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि जे बोलणे झाले ते लेखी संदेशातही पाठवावे. खालांना तक्रार क्रमांक मिळाला. ९ ऑगस्टला उत्तर आले, की मिक्सर कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही, त्यामुळे परत घेता येणार नाही.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. ग्राहक सेवेचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे ठकसेनांनी पेरलेले खोटे क्रमांक सापडतात. ते गोड बोलतात, "पैसे लगेच परत देतो" म्हणतात आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात किंवा एखादे ॲप घ्यायला लावतात. पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी किंवा पिन सांगावा लागत नाही. क्रमांक नेहमी कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

तिसरी पायरी तक्रार निवारण अधिकाऱ्याची. २०२० च्या नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीने हा अधिकारी नेमला पाहिजे आणि त्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर दिला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात करायचे असते. पुष्कळ ग्राहकांना ही पायरी ठाऊकच नसते. ते सेवा केंद्राच्या नकारावर थांबतात.

१० ऑगस्टला आम्ही तिघांनी बसून पुढील पत्र लिहिले आणि ईमेलने पाठवले.

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : चुकीची वस्तू मिळाल्याबाबत.

महोदय,
मी आपल्या कंपनीकडून ७५० वॉटचा मिक्सर मागवला. किंमत ३,४९९ रुपये आगाऊ भरली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी पार्सल मिळाले. खोक्यावर ७५० वॉट छापलेले आहे, परंतु मिक्सरच्या पाटीवर ५०० वॉट लिहिलेले आहे. खोक्यावरील व मिक्सरवरील अनुक्रमांक वेगवेगळे आहेत. बंद पार्सल उघडण्यापासूनची अखंड चित्रफीत माझ्याजवळ आहे.
मी त्याच दिवशी परतीची मागणी नोंदवली. ७ ऑगस्ट रोजी आपल्या माणसाने अनुक्रमांक जुळत नाही म्हणून मिक्सर नेला नाही. ९ ऑगस्ट रोजी सेवा केंद्राने नकार दिला.
कृपया मिक्सर परत नेऊन माझे ३,४९९ रुपये परत करावेत. बिल, चार फोटो व संदेशांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
आपली विश्वासू

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तारखा क्रमाने आहेत. मागणी एकच आहे आणि ती स्पष्ट आहे. मूळ पत्रात ऑर्डरचा आणि तक्रारीचा क्रमांकही होता. "काहीतरी करा" असे लिहिले, तर कंपनी काहीतरीच करते. शंभर रुपयांचे कूपन देऊन तक्रार बंद करते.

११ ऑगस्टला पोच आली. त्यानंतर मात्र शांतता. एक महिना उलटला. खाला रोज पाट्यावर मसाला वाटत होत्या आणि रोज मला विचारत होत्या, "सर, काही आलं का?"

चौथी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. हिचा क्रमांक १९१५ असा आहे. ती केंद्र सरकार चालवते आणि तेथे मराठीतही बोलता येते. consumerhelpline.gov.in या संकेतस्थळावर तक्रार लिहूनही देता येते. ११ सप्टेंबरला खालांनी तक्रार नोंदवली आणि वहीतील सर्व तारखा व क्रमांक सांगितले. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. ती कंपनीला शिक्षा करू शकत नाही किंवा हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. पण सरकारी नोंद झालेली तक्रार कंपनीत वरच्या माणसांपर्यंत पोहोचते आणि बरेचदा तेवढ्यानेच काम होते.

येथेही तसेच झाले. २४ सप्टेंबरला कंपनीने खालांकडून मूळ चित्रफीत मागवली. दोन दिवसांनी दुसरा माणूस आला. या वेळी त्याच्याजवळ क्रमांक न जुळवता मिक्सर नेण्याची सूचना होती. खालांच्या मुलाने मिक्सर खोक्यात ठेवतानाचे, खोके बंद करतानाचे आणि त्या माणसाच्या हाती देतानाचेही रेकॉर्डिंग केले. परत पाठवताना हे करायला पुष्कळ जण विसरतात. मग "खोके रिकामे मिळाले" असे उत्तर आले, तर हातात काहीच उरत नाही. त्याने वस्तू मिळाल्याची पावती घेतली. २९ सप्टेंबरला ३,४९९ रुपये खालांच्या खात्यात जमा झाले. पार्सल आल्यापासून पंचावन्न दिवस लागले.

समजा, एवढे करूनही पैसे मिळाले नसते तर? मग पाचवी पायरी होती, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ताथवड्याच्या ग्राहकाला पुण्याच्या आयोगाकडे जाता येते. कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. वकील लावण्याची सक्ती नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही. e-jagriti.gov.in या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. आयोग वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत देण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

पण या पायरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करायची असेल तर पाच महिन्यांत, लावावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून खालच्या पायऱ्यांवर काळजीपूर्वक काम करावे. आयोगापुढे जायची वेळ आली, तर तीच चित्रफीत, तेच पत्र आणि त्याच तारखा उपयोगी पडतात. वस्तू फार महाग असेल तर एक गोष्ट दारातच करता येते. काही कंपन्या अशा वस्तूचे खोके ग्राहकासमोर उघडून दाखवतात आणि मग ओटीपी मागतात. तो ओटीपी देणे म्हणजे वस्तू बरोबर मिळाल्याची सही करणे होय. वस्तू पाहण्याआधी तो कधीही सांगू नये.

खालांनी पुढे त्याच पैशांतून दुसरा मिक्सर घेतला. या वेळी त्या स्वतः दुकानात गेल्या. दुकानदाराने खोके बांधायला घेतले, तेव्हा खाला म्हणाल्या, "थांबा भाऊ, आधी जरा तो उलटा करून दाखवा." तळाच्या पाटीवर ७५० वॉट लिहिलेले पाहूनच त्यांनी पैसे मोजले आणि बिल मागून घेतले.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
सदोष – दोष असलेला, बिघडलेला
अनुचित – अयोग्य, गैर
अनुक्रमांक – प्रत्येक वस्तूवर छापलेला तिचा वेगळा क्रमांक
अखंड – मध्ये न थांबलेले, न तुटलेले
पोच – मिळाल्याची लेखी खूण
निवारण – दूर करणे, सोडवणे
ठकसेन – फसवणारा, लबाड माणूस

स्वाध्याय

१. इस्त्रीच्या तड्याचा फोटो पुरावा म्हणून अपुरा का पडला?
२. पार्सल उघडताना रेकॉर्डिंग मध्येच थांबवल्यास काय होते?
३. ७ ऑगस्टला आलेल्या तरुणाने मिक्सर का नेला नाही? तो दोषी होता का?
४. हेल्पलाइन आणि जिल्हा आयोग यांच्यातील फरक तीन वाक्यांत लिहा.
५. तुम्ही मागवलेल्या दप्तराची चेन तुटलेली निघाली आहे, अशी कल्पना करा. तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. पत्रात तारखा क्रमाने द्या आणि एकच मागणी लिहा.